ग्राहकांचे अभिप्राय कसे मागायचे आणि त्यांच्या छोट्या पोस्ट कशा करायच्या: घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजणी, मसाले, लोणची, पापड, दिवाळीचा फराळ घरून करून विकणाऱ्यांसाठी हे पान आहे. ऑर्डर बहुतेक व्हॉट्सॲपवर येते, पैसे यूपीआयने येतात आणि माल कुरियरने जातो. समोरच्या माणसाने तुम्हाला पाहिलेलं नसतं आणि तुमचा पदार्थ चाखलेलाही नसतो. अशा वेळी आधीच्या ग्राहकाचे चार शब्द कसे मिळवायचे आणि कसे वापरायचे, याबद्दल आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ग्राहक स्वतःहून 'खूप छान', 'एक नंबर' असं लिहितात. तेच स्टेटसला टाकलं तर पुरत नाही का?

पुरत नाही, कारण 'छान' हा शब्द नव्या ग्राहकाच्या मनातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही. पहिल्यांदा मागवणारी बाई काय विचार करत असते ते पाहा. लोणच्याची बरणी वाटेत गळेल का? शेव खवट तर नसेल ना? मसाला घरच्यांना झेपेल इतका तिखट आहे का? फराळ भाऊबीजेच्या आत पोचेल ना? आगाऊ पैसे भरले आणि माल आलाच नाही तर? 'मस्त', 'लाजवाब' वाचून यातली एकही शंका जात नाही. 'बरणीला दोन पिशव्या होत्या, तेलाचा एक थेंब बाहेर आला नव्हता' या एका वाक्याने पहिली शंका मिटते.

म्हणून अभिप्राय गोळा करायच्या आधी एक काम करा. गेल्या दोन-तीन महिन्यांचे व्हॉट्सॲपचे संवाद उघडा आणि ऑर्डर देण्याआधी लोकांनी काय काय विचारलं ते एका कागदावर उतरवा. विशेषतः ज्यांनी विचारलं पण मागवलं नाही, त्यांचे प्रश्न. तेच तेच पाच-सहा प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. अभिप्राय हवेत ते या प्रश्नांवर. ज्या प्रश्नावर तुमच्याकडे एकाही ग्राहकाचं वाक्य नाही, तिथे आधी लक्ष द्या.

अभिप्राय मागायचा कधी? पार्सल पोचल्यावर लगेच?

पार्सल पोचल्यावर लगेच मागितलात तर फार तर पॅकिंगबद्दल आणि कुरियरबद्दल कळेल. पदार्थ अजून वापरलेलाच नसतो, मग ग्राहक शिष्टाचार म्हणून 'मिळालं, छान आहे' लिहितो आणि विषय संपतो. नंतर खरा अनुभव येतो तेव्हा तो पुन्हा लिहीत नाही, कारण त्याच्या मते त्याने आधीच सांगितलेलं असतं.

वेळ पदार्थावर ठरते. चकलीची भाजणी असेल तर चकल्या तळून झाल्या की दोन-तीन दिवसांनी विचारा. तोवर त्या कुरकुरीत राहिल्या की मऊ पडल्या हेही कळलेलं असतं. थालीपिठाची भाजणी आठवड्याभरात एकदा तरी वापरली जाते. कांदा-लसूण मसाला किंवा गोडा मसाला दोन-तीन भाज्या-आमट्या झाल्याशिवाय हाताला बसत नाही, तिथे पंधरा दिवस द्या. मुरायला ठेवायचं लोणचं असेल तर महिनाभर थांबावं लागतं. तयार फराळाचं बोलाल तर भाऊबीज झाल्यानंतरचे चार दिवस उत्तम. दिवाळीच्या आत विचारलं तर कोणाला फुरसत नसते आणि तुळशीच्या लग्नापर्यंत थांबलात तर डबे रिकामे झालेले असतात, चवही विसरलेली असते.

याहून चांगली वेळ एकच: ग्राहक स्वतःहून दुसऱ्यांदा मागवतो तेव्हा. तेव्हा त्याचं मत ठरलेलं असतं. 'परत मागवलंत, बरं वाटलं. पहिल्या वेळी काय आवडलं म्हणून परत मागवलंत?' एवढं विचारलं तरी सहज उत्तर येतं. आम्ही स्वतः बहुतेक अभिप्राय असेच मिळवले आहेत.

तारीख लक्षात ठेवायला व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबल लावायची सोय आहे. माल पाठवला की 'अभिप्राय विचारायचा' असं लेबल त्या संवादाला लावा आणि दर रविवारी ती यादी उघडून ज्यांची वेळ झाली असेल त्यांना लिहा.

मागताना नेमकं लिहायचं काय?

'आमच्या उत्पादनाबद्दल आपला बहुमूल्य अभिप्राय द्यावा' असं लिहिलं की उत्तरही तसंच साचेबंद येतं. एरवी ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत तीन छोटे प्रश्न विचारा. नमुना:

> नमस्कार ताई, चकल्या झाल्या का? कशा झाल्या ते जाणून घ्यायचं होतं. तीन गोष्टी सांगाल का?
> १. मागवण्याआधी मनात काही शंका होती का?
> २. प्रत्यक्षात काय झालं?
> ३. काय कमी वाटलं किंवा बदलायला हवं?
> टाइप करायला वेळ नसेल तर बोलून पाठवलंत तरी चालेल.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत. नव्या ग्राहकाच्या मनात आज जी शंका आहे, तीच या ताईंच्या मनात महिन्यापूर्वी होती. त्यांनी ती बोलून दाखवली की वाचणाऱ्याला आपलाच प्रश्न कोणीतरी आधी विचारलेला दिसतो.

तिसरा प्रश्न विचारायला अनेकांना भीती वाटते. पण 'काय कमी वाटलं' असं विचारल्याने ग्राहकाला कौतुक करायचं दडपण राहत नाही, तो मोकळं बोलतो, आणि मोकळ्या बोलण्यातच नेमक्या गोष्टी येतात. तुम्हालाही पुढच्या घाण्याला काय बदलायचं ते कळतं.

या निरोपात पोस्टचा विषय काढू नका. 'स्टेटसला टाकायचं आहे' हे आधीच कळलं की माणूस जाहिरातीसारखं लिहायला लागतो. परवानगी नंतर, स्वतंत्र मागायची. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

उत्तरच आलं नाही तर?

चार-पाच दिवसांनी एकदाच आठवण करा, तीही एका ओळीत. त्यानंतर नाही. ज्याने पैसे देऊन माल घेतला, त्याच्यावर अभिप्रायाचं कर्ज नसतं.

आमचे ग्राहक लिहीत नाहीत, फोनवर बोलतात किंवा व्हॉइस मेसेज पाठवतात. त्याचं काय करायचं?

हे उलट चांगलंच आहे. बोलताना माणूस नटवून बोलत नाही. व्हॉइस मेसेज आला की तो जसाच्या तसा लिहून काढा, अडखळणं आणि विषयांतर सकट. त्यातलं काय घ्यायचं ते नंतर ठरवा. फोनवर बोलणं झालं असेल तर फोन ठेवल्याबरोबर आठवतील ते शब्द लिहा आणि त्याच दिवशी त्यांना पाठवा: 'तुम्ही आत्ता जे म्हणालात ते असं लिहिलंय, बरोबर आहे का?' त्यांचा होकार लेखी आला तरच ते वाक्य त्यांचं म्हणून वापरायचं. न सांगता फोन रेकॉर्ड करू नका.

लांबलचक निरोपातून छोटी पोस्ट कशी काढायची? एखादं उदाहरण दाखवाल का?

वर दिलेले तीन प्रश्न विचारल्यावर ठाण्याच्या एका ग्राहकाकडून आलेला व्हॉइस मेसेज लिहून काढला तो असा:

> ताई नमस्कार, सांगायला उशीर झाला, पाहुणे होते घरी. भाजणी मस्त होती हां. खरं सांगू का, मागच्या वर्षी दुसरीकडून आणली होती, त्याच्या चकल्या तेलात सोडल्या की विरघळायच्या. म्हणून यंदा तुमच्याकडून अर्धाच किलो मागवली, म्हटलं आधी बघू. तुम्ही पाकिटावर लिहिलंय तशी उकड काढली, वाटीला वाटी पाणी. एक पण चकली मोडली नाही. सासूबाई पण म्हणाल्या काटा चांगला आलाय. आठ दिवसांनी डबा उघडला तरी कुरकुरीत. तिखट मात्र मला कमी वाटलं, मी वरून घातलं. मग परत एक किलो मागवली, ती पण संपली. तुमचं कुरियर तेवढं एक दिवस उशिरा आलं हो. आणि माझ्या मुलाला पोटाचा त्रास आहे ना, त्याला पण काही झालं नाही.

हा निरोप तसाच्या तसा टाकला तर कोणी शेवटपर्यंत वाचणार नाही. 'भाजणी मस्त होती' एवढंच उचललं तर सगळं मोलाचं वाया जातं. आधी यातली शंका शोधा: चकल्या तेलात विरघळण्याची भीती. मग त्या शंकेचं काय झालं ते शोधा: एकही मोडली नाही, आठ दिवस कुरकुरीत राहिल्या. आणि त्यांनी पुढे काय केलं: परत एक किलो मागवली. शंका, अनुभव आणि पुढची कृती, एवढं मिळालं की पोस्ट झाली:

> "मागच्या वर्षी दुसरीकडून आणली होती, त्याच्या चकल्या तेलात सोडल्या की विरघळायच्या. म्हणून यंदा तुमच्याकडून अर्धाच किलो मागवली. एक पण चकली मोडली नाही. आठ दिवसांनी डबा उघडला तरी कुरकुरीत. तिखट मात्र मला कमी वाटलं, मी वरून घातलं. मग परत एक किलो मागवली."
> ग्राहक, ठाणे. चकलीची भाजणी, दिवाळीची ऑर्डर.
>
> उकडीचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं. भाजणी मध्यम तिखट आहे. अर्धा किलोपासून मिळते.

अवतरणातला प्रत्येक शब्द ताईंचा आहे आणि क्रमही त्यांचाच आहे. आम्ही फक्त वाक्यं गाळली, एकही घातलं नाही. गाळायला हरकत नाही, पण गाळल्यामुळे अर्थ फिरता कामा नये. 'तिखट कमी वाटलं' हे वाक्य काढून टाकायचा मोह होतो. ते मुद्दाम ठेवलं, कारण तिखट खाणाऱ्या घरांना ते आधी कळलेलं बरं, आणि लहान मुलं असलेल्या घरांना नेमकं तेच हवं असतं. शिवाय एखादी उणीव सांगणारा माणूस बाकीचंही खरंच सांगत असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं.

कुरियरचं वाक्य या पोस्टमध्ये घेतलं नाही, कारण पोस्ट भाजणीबद्दल आहे. पण त्या ताईंना लगेच उत्तर दिलं, आणि 'माल वेळेवर पोचतो' अशी पोस्ट करताना त्यांचा अभिप्राय तिथे कधीही लावणार नाही. मुलाच्या पोटाचं वाक्य तर पूर्ण सोडलं. ती एका लहान मुलाच्या तब्येतीची गोष्ट आहे, आणि भाजणी पोटाला सोसते असा दावा आपल्याला करायचा नाही.

अवतरणाखालच्या ओळी आपल्या आहेत, त्या अवतरणाच्या बाहेर ठेवा. तिथे ग्राहकाच्या बोलण्यातून उठणाऱ्या प्रश्नांना उत्तर द्यायचं आणि थांबायचं. 'त्वरा करा', 'आजच मागवा' नको. या पोस्टसोबत त्यांनीच पाठवलेला चकल्यांचा फोटो लावला, स्वयंपाकघरातल्या पिवळ्या उजेडातला. स्वतः काढलेला चकचकीत फोटो ग्राहकाच्या शब्दांशेजारी लावला की तो फोटो त्यांच्याच चकल्यांचा आहे असा समज होतो, म्हणून तो टाळा.

याच निरोपातून दुसरी पोस्टही निघते. 'तुम्ही पाकिटावर लिहिलंय तशी उकड काढली, वाटीला वाटी पाणी. एक पण चकली मोडली नाही.' पहिल्यांदा चकल्या करणाऱ्यांसाठी ती उपयोगी आहे. फक्त खाली 'ग्राहक, ठाणे' असंच लिहायचं. एकाच बाईंच्या बोलण्याचे दोन वेगवेगळे ग्राहक करायचे नाहीत.

ग्राहकाची भाषा शुद्ध करून लिहावी का?

नाही. टायपिंगची उघड चूक दुरुस्त करा, उदाहरणार्थ 'छन' झालं असेल तर 'छान'. विरामचिन्हं घाला. पण बोलीला हात लावू नका. कोल्हापूरकडचा माणूस 'रस्सा नादखुळा झालाय' म्हणाला असेल किंवा नागपूरच्या ताईंनी 'मस्त झालं बाप्पा' लिहिलं असेल, तर ते तसंच राहू द्या. सगळे अभिप्राय एकाच छापाच्या मराठीत दिसले की ते एकाच हाताने लिहिलेत अशी शंका वाचणाऱ्याला पहिल्यांदा तिथेच येते. निरोप मराठी-इंग्रजी मिसळ असेल तरी तसाच ठेवा. रोमन लिपीत आलेला मजकूर देवनागरीत घेतला तर चालतो, कारण शब्द बदलत नाहीत.

व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट टाकावा की मजकूर लिहून टाकावा?

दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. स्क्रीनशॉट पाहून 'हे खरंच कोणीतरी लिहिलंय' असं पटतं, पण तो मोबाइलवर बारीक दिसतो आणि लांब निरोप वाचवत नाही. म्हणून तीन-चार ओळींचा निरोप असेल तर स्क्रीनशॉट, आणि मोठा असेल तर निवडलेली वाक्यं मोठ्या अक्षरात.

स्क्रीनशॉटमध्ये काय झाकायचं ते नीट पाहा. वरच्या पट्टीत नाव किंवा नंबर असतो, शेजारी प्रोफाइलचा फोटो असतो. थोडं वर सरकलेलं असेल तर घराचा पत्ता, पैसे भरल्याची पावती, यूपीआय आयडीही येतो. अर्धपारदर्शक पेनाने रेघ ओढून झाकू नका. फोटोचा उजेड वाढवला की खालचं पुन्हा दिसू शकतं. सरळ कापून टाका किंवा त्यावर भरीव रंगाचा चौकोन ठेवा. तारीख मात्र राहू द्या.

परवानगी कशी घ्यायची? त्यांनीच तर पाठवलंय.

त्यांनी तुम्हाला पाठवलंय, गावाला नाही. तयार पोस्टच त्यांना पाठवा आणि विचारा:

> ताई, तुमचं बोलणं असं टाकू का? व्हॉट्सॲप स्टेटस आणि इन्स्टाग्रामवर. नाव लिहू, की फक्त 'ग्राहक, ठाणे' लिहू? फोटो वापरला तर चालेल का? नंतर काढून टाकावंसं वाटलं तर कधीही सांगा.

इथे चार वेगळे प्रश्न आहेत: मजकूर, कुठे टाकणार, नाव आणि फोटो. एकाला होकार म्हणजे सगळ्यांना होकार नव्हे. बऱ्याच बायकांना शब्द द्यायला हरकत नसते, नाव नको असतं. 'ग्राहक, ठाणे' एवढ्यानेही काम होतं. नाव नाही म्हणून दुसरंच एखादं नाव घालू नका.

आलेल्या होकाराला तारांकित करून ठेवा, म्हणजे फोन बदलल्यावर किंवा वर्षाने शोधताना सापडेल. संवादाचा बॅकअप चालू आहे ना तेही पाहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमतीबद्दल हेच तत्त्व आहे: संमती कशासाठी घेतोय ते स्पष्ट सांगायचं, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. याच कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. लाडू खाणाऱ्या बाळाचा गोड फोटो आला तरी आई-वडिलांनी स्पष्ट 'हो' म्हटल्याशिवाय तो टाकू नका. आमचं मत विचाराल तर चेहरा दिसणारा फोटो टाकूच नका, लाडवाचा टाका.

'तुमच्या पिठाने माझी शुगर कमी झाली' असा अभिप्राय आला. खूप प्रभावी आहे. टाकू का?

नका टाकू. त्या ताईंचा अनुभव खरा असू शकतो, पण तो तुमच्या पानावर आला की तो तुमचा दावा होतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखालचे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे २०१८ चे नियम आहेत. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो किंवा टळतो असं जाहिरातीतून सुचवता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी याच कायद्याच्या कलम ५३ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'हे मी नाही, ग्राहक म्हणतोय' ही ढाल नाही. आणि दंड बाजूला ठेवला तरी, ते वाचून एखाद्याने औषधाची गोळी कमी केली तर काय?

गुडघेदुखी थांबली, वजन उतरलं, बाळंतिणीला दूध वाढलं, मूळव्याधीचा त्रास गेला, हे सगळे याच जातीचे अभिप्राय. डिंकाचे लाडू, अळीव, नाचणीचं सत्त्व आणि मल्टिग्रेन पीठ विकणाऱ्यांना ते हमखास येतात. त्याच निरोपात 'नाचणीची भाकरी थापताना मोडत नाही' असं काही असेल तर तेवढं घ्या.

एक साधी कसोटी लावा. ग्राहकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, जिभेने चाखलं, हाताने केलं, तेवढ्यालाच तो साक्षीदार आहे. कुरकुरीतपणा, खारटपणा, पॅकिंग, वेळ, वागणूक याबद्दल तो सांगू शकतो. 'यात अजिबात प्रिझर्व्हेटिव्ह नाही' किंवा 'तेल घाण्याचंच आहे' हे त्याला माहीत असायचं कारण नाही. ते सांगायचं असेल तर तुम्ही सांगा, स्वतःच्या जबाबदारीवर, आणि लेबलवर.

अभिप्राय देणाऱ्याला सवलत किंवा एखादं पाकीट फुकट दिलं तर?

आधी अभिप्राय आणि मग बक्षीस असा सौदा करू नका. गूगलवरच्या अभिप्रायांसाठी सवलत, पैसे किंवा भेट देणं त्यांच्या नियमांत बसत नाही, असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. स्वतःच्या पोस्टसाठीही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. शिफारस करणाऱ्याचं मत खरं, सध्याचं आणि पुरेशा अनुभवावर आधारलेलं हवं, आणि विकणाऱ्याशी त्याचा असा काही संबंध असेल, ज्याने मताचं वजन बदलेल, तर तो उघड सांगायला हवा. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

म्हणून फुकट पाकीट देऊन मत घेतलं असेल तर पोस्टमध्ये 'नमुना आम्ही मोफत दिला होता' असं लिहा. नणंद, मावशी, बचतगटातली मैत्रीण यांचे अभिप्राय ग्राहकाचे म्हणून टाकू नका. अभिप्राय आला, पोस्ट झाली, आणि मग कधीतरी पुढच्या पार्सलमध्ये तुम्ही आपणहून मेतकुटाची पुडी घातली, तर ती भेट. आधी कबूल केलेली नसावी, एवढंच.

गूगलवर अभिप्राय घ्यावेत की व्हॉट्सॲपवरचेच पुरेत?

तुमचं नाव गूगलवर शोधणारे अनोळखी लोक असतील तर गूगलवर हवेतच, कारण तिथलं लिखाण तुमच्या हातात नसतं आणि म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसतो. घरातून व्यवसाय करणाऱ्यांना गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. तिथेच अभिप्राय मागायची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून पार्सलमध्ये टाका.

एक पथ्य पाळा. आधी व्हॉट्सॲपवर 'आवडलं का' विचारायचं आणि 'हो' म्हणणाऱ्यांनाच गूगलची लिंक द्यायची, हे गूगलच्या नियमांत बसत नाही. लिंक द्यायची तर सगळ्यांना द्या.

चांगल्याबरोबर तक्रारही असलेला अभिप्राय वापरता येतो का?

येतो, आणि तक्रार तुम्ही खरोखर निस्तरली असेल तर तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. समजा एका ग्राहकाने लिहिलं: 'लोणचं छान होतं पण झाकणातून तेल गळून खोक्याला डाग पडले होते. सांगितल्यावर दुसरी बरणी पाठवली, ती व्यवस्थित आली.' लोणचं मागवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हीच भीती असते. खाली आपली ओळ लिहा: 'तेव्हापासून झाकणाच्या आत सील लावतो आणि बरणी वेगळ्या पिशवीत बंद करतो.' पण हे तेव्हाच लिहा, जेव्हा प्रत्येक बरणीला ते खरंच करता.

तक्रार अजून निस्तरलेली नसेल तर पोस्टचा विचार बाजूला ठेवा आणि आधी ग्राहकाला फोन करा.

अशा पोस्ट किती वेळा टाकायच्या?

आठवड्याला एक पुरे. रोज कौतुक दिसलं की लोक न वाचता पुढे जातात. टाकतानाही मोसम पाहा: चकलीच्या भाजणीचे अभिप्राय दिवाळीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत, वाळवणाचे उन्हाळा लागताना, उपवासाच्या भाजणीचे आषाढीच्या आणि नवरात्राच्या आधी.

व्हॉट्सॲप स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि तुमचा नंबर ज्यांनी साठवलेला नाही त्यांना ते दिसतही नाही. म्हणजे अगदी नव्या माणसापर्यंत ते पोचतच नाही. इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकलीत तर ती हायलाइटमध्ये पदार्थानुसार ठेवा. पण खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो. कोणी विचारलं, 'ताई, बरणी नीट पोचते ना?' की स्वतः 'हो हो, काळजी नको' लिहिण्याऐवजी बरणीचीच ती पोस्ट त्या संवादात पाठवा. त्यासाठी फोनच्या गॅलरीत शंकेच्या नावाने अल्बम करा: पॅकिंग, तिखटपणा, टिकणं, वेळ. शोधायला वेळ लागला नाही तरच हे रोजच्या धांदलीत होतं.

दोन-तीन वर्षांपूर्वीचे अभिप्राय अजून वापरता येतील का?

पदार्थ तोच असेल तर येतील, साल लिहून. पण मधल्या काळात तुम्ही मिरची बदलली असेल, शेंगदाणा तेलाऐवजी दुसरं तेल वापरायला लागला असाल, पाकीट ५०० ग्रॅमचं ४०० ग्रॅमचं केलं असेल किंवा भाजणी चुलीवर भाजायची सोडून यंत्रावर भाजायला लागला असाल, तर चवीबद्दलचा जुना अभिप्राय आजच्या मालाचा राहिला नाही. तो काढून टाका. जुन्या ग्राहकालाच नव्या मालाबद्दल पुन्हा विचारता येतं.

व्यवसाय आत्ताच सुरू केला आहे, एकही ग्राहक नाही. मग?

मग अभिप्राय नाहीत हे मान्य करून नमुने द्या. सोसायटीत किंवा ऑफिसात दहा-बारा जणांना पन्नास-शंभर ग्रॅमची छोटी पुडी द्या, पुडीवर वापरायची रीत लिहा आणि आठवड्याने तेच तीन प्रश्न विचारा. जे उत्तर देतील त्यांची वाक्यं 'मोफत नमुना वापरून दिलेलं मत' असं लिहून टाका. पहिली पैसे देऊन आलेली ऑर्डर पोचली आणि तिचा अभिप्राय आला, की नमुन्यांची मतं हळूहळू काढून घ्या.